टेकडीची उंची दर वेळी चुकतेय? किती चुकली ते आधी बघा

गेली काही वर्षं मी पुण्यात ट्रेकला जाणाऱ्या पोरांना टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणारा नकाशा, वाचायला शिकवतो. रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात, नकाशा पसरतो, मी एका टेकडीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हिची उंची किती?" दहा जणांकडून सात उत्तरं येतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला पहिल्यापासून मोजायला लावायचो. पुढे लक्षात आलं की चुकीची उत्तरंही ठरलेली असतात. कुणाचं पाचपट असतं, कुणाचं तिप्पट, कुणाचं बरोबर वीस मीटरनं जास्त. ताप किती आणि कधी चढतो एवढ्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, तसं इथेही आकडा कितीनं चुकलाय यावरून चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा कळतं.

म्हणून आधी लक्षणं सांगतो. आपलं उत्तर कशात बसतंय ते बघा, मग खालच्या तपासण्या क्रमानं करा. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना फक्त डोळे लागतात, शेवटच्या एकीला टेकडी चढावी लागते.

लक्षणं

- उत्तर तिपटीहून जरा जास्त. पुण्याजवळची टेकडी अडीच-तीन हजारांवर जाते, सिंहगड चार हजारांच्या पुढे.
- उत्तर पाचपट किंवा एक पंचमांश. वाडीमागची टेकडी हजार मीटर चढाची निघते, नाहीतर चांगला दमवणारा चढ चाळीस मीटरचा.
- उत्तर दुप्पट.
- उत्तर वीस किंवा चाळीस मीटरनं जास्त. हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात उशिरा पकडलं जातं, कारण आकडा पटण्यासारखा असतो.
- उत्तर काही शे मीटरनं जास्त, पण मोजणी कुठेच चुकलेली नाही.
- नकाशावरचं उत्तर बरोबर वाटतं, पण मोबाइल माथ्यावर साठ-सत्तर मीटर कमी दाखवतो.

पुढचं सगळं १:५०,००० या स्केलच्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीटला धरून आहे. आपल्याकडे ट्रेकसाठी तीच वापरतात. पुणे शहराचा बराचसा भाग आणि वेताळ टेकडी जुन्या क्रमांकाच्या ४७ एफ/१४ वर येते, सिंहगड तिच्या खालच्या ४७ एफ/१५ वर.

पहिली तपासणी: कुठली उंची विचारलीय?

याला खर्च शून्य. नकाशा उघडायचीही गरज नाही.

कंटूर म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेष. तिच्यावरचा आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. टेकडीची उंची म्हणताना मात्र आपल्या मनात पायथ्यापासूनचा चढ असतो. किनाऱ्यावर हा फरक जेमतेम जाणवतो. पुण्यात फार जाणवतो, कारण शहरच सुमारे ५६० मीटरवर बसलंय. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर आहे, पण रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना विचारा, ते काही आठशे मीटर चढत नाहीत. सिंहगड १३०० मीटरच्या थोडा वर आहे, पण वाडीतून पायवाटेनं चढताना त्याच्या साधारण निम्माच चढ पायांना लागतो.

वरच्या यादीतलं "मोजणी कुठेच चुकलेली नाही" हे लक्षण म्हणजे हेच. उत्तरासमोर "समुद्रसपाटीपासून" किंवा "पायथ्यापासून" असं लिहायची सवय लावली की ते लक्षण परत येत नाही. आमच्याकडे यातला एकही शब्द नसलेलं उत्तर मी बघतच नाही. पोरं चिडतात, पण लिहितात.

दुसरी तपासणी: समास वाचा

नकाशाच्या खालच्या समासात तीन गोष्टी छापलेल्या असतात: स्केल, कंटूरमधलं उभं अंतर आणि उंचीचं एकक. मीटरमधल्या १:५०,००० च्या शीटवर दोन शेजारच्या कंटूरमधलं उभं अंतर सहसा २० मीटर असतं आणि दर पाचवी रेष ठळक, म्हणजे ठळक रेषा दर १०० मीटरला. जुनी एक इंचाला एक मैल स्केलची शीट असेल तर उंची फुटात असते, अंतर बहुतेक ५० फूट आणि ठळक रेषा दर २५० फुटांना. हे आकडे पाठ केलेत म्हणून समास न वाचता पुढे जाऊ नका. पाठ असलेल्यांचीच चूक जास्त वेळा होते.

एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. म्हणून फुटातली शीट मीटर समजून वाचली की उत्तर तिपटीच्या थोडं वर जातं. ही चूक पकडायला एक फुकटची युक्ती आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तुमची पुण्यातली टेकडी तिच्याहून उंच निघाली तर टेकडीला काही झालेलं नाही, तुम्ही फूट वाचताय.

याचा एक वाईट प्रकार म्हणजे जोडशीट. टेकडी दोन शीटच्या सीमेवर असते, तिच्याभोवतीच्या बंद कंटूरची कडी अर्धी या कागदावर, अर्धी त्या. कुणाच्या तरी घरी जुनी वरची शीट असते, खालची नवी डाउनलोड केलेली. दोन्ही चिकटवल्या की एकीकडे फूट, दुसरीकडे मीटर. रेषा काठावर जुळत नाहीत तेव्हा माणूस आपली छपाई किंवा डिंक यांना दोष देतो. काठावर रेषा जुळत नसतील तर आधी दोन्ही समास शेजारी ठेवा.

मोबाइलवरच्या नकाशाला समासच नसतो. तिथे झूम बदलला की कंटूरमधलं अंतरही बदलू शकतं. आत गेलं की मधल्या रेषा उमटतात, बाहेर आलं की गायब होतात. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलेल्या तुकड्यावर मोजणी करायची असेल तर आधी त्यात आकडे छापलेल्या दोन रेषा शोधा. त्या नसतील तर तो तुकडा मोजायच्या कामाचा नाही.

तिसरी तपासणी: दोन ठळक रेषांमधल्या बारीक रेषा मोजा

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. आकडे छापलेल्या दोन शेजारच्या ठळक रेषा घ्या, समजा ७०० आणि ८००. मधल्या बारीक रेषा मोजा. त्या चार निघाल्या पाहिजेत.

चार कशा? चार रेषांनी पाच मोकळ्या पट्ट्या होतात आणि १०० भागिले ५ म्हणजे २० मीटर. इथेच काहीजण १०० ला ४ नं भागून २५ मीटर अंतर काढतात आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते. भागायचं असतं ते पट्ट्यांनी, रेषांनी नाही. बोटांमधल्या फटी आणि बोटं यांची संख्या सारखी नसते, तसंच हे.

पाचपट आणि एक पंचमांश ही दोन्ही लक्षणं याच ठिकाणी जन्मतात. ज्यानं प्रत्येक बारीक रेषेला १०० धरले त्याचं उत्तर पाचपट, ज्यानं फक्त ठळक रेषा मोजून त्यांना २० धरले त्याचं एक पंचमांश.

आता मधल्या रेषा चार नसतील तर?

चारपेक्षा कमी आल्या तर तिथे कडा असण्याची शक्यता जास्त. सह्याद्रीचा दगड बेसाल्टचा, थरावर थर रचलेला. त्यामुळे आपल्या डोंगरांना मध्येच उभा कातळ आणि वर सपाट पायरी, परत कातळ, परत पायरी अशी चढण असते. उभ्या कातळापाशी रेषा इतक्या जवळ येतात की छापायला जागा उरत नाही, मग ठळक तेवढ्या ठेवून मधल्या बारीक तोडतात. अशा जागी मोजू नका. त्याच दोन ठळक रेषा डोंगराला वळसा घालून सौम्य उताराच्या बाजूला, एखाद्या सोंडेवर जातात. तिथे मोजा, चार मिळतील.

चारपेक्षा जास्त आल्या तर एखादी रेष कंटूर नाही. त्यासाठी पुढची तपासणी.

चौथी तपासणी: खोट्या रेषा आणि खोटे आकडे

रंगीत शीटवर कंटूर तपकिरी असतात आणि ओढे, नद्या निळ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर सगळं एकाच रंगाचं होतं. उताराला आडवी जाणारी बैलगाडीची वाट, पायवाट, कालव्याचा काठ, सगळं कंटूरसारखं दिसायला लागतं. ओळखायची खूण अशी: कंटूर कधी संपत नाही, फाटे फोडत नाही आणि दुसऱ्या उंचीच्या कंटूरला छेदून जात नाही. संशयित रेषेवर पेन्सिलचं टोक ठेवा आणि चालत रहा. ती दुसऱ्या रेषेला ओलांडून गेली किंवा वाडीत जाऊन थांबली तर ती वाट होती.

दुसरा सापळा दगडखाणीचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या खडीसाठी पोखरलेल्या आहेत, वेताळ टेकडीवरची खाण तर सगळ्यांना माहीत आहे. खड्डा दाखवणाऱ्या कंटूरला आतल्या बाजूनं छोटे दाते असतात. चढता चढता माथ्याजवळ असं दातेरी कडं दिसलं की हात सवयीनं त्यात आणखी २० मिळवतो. पण ते कडं चढ सांगत नाही, उतार सांगतं. ८४० च्या कड्याच्या आत पहिलं दातेरी कडं आलं तर त्याची किंमतही ८४०च असते आणि त्याच्या आतली जमीन ८४० च्या खाली. म्हणजे एका दातेरी कड्यामुळे उत्तर फुकटचं २० मीटरनं वाढतं. झेरॉक्सवर हे दाते पुसट होतात, म्हणून माथ्याजवळचं प्रत्येक बारीक कडं भिंगाखाली बघा.

तिसरा सापळा आकड्यांचा. तलावाच्या बांधावर, नदीच्या उभ्या काठाजवळ किंवा उभ्या कातळापाशी आकड्यामागे इंग्रजीतलं छोटं आर अक्षर दिसतं. त्याचा अर्थ सापेक्ष उंची, म्हणजे बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इतके मीटर उंच. त्या ९ किंवा १२ चा समुद्रसपाटीशी संबंध नाही. उलट टिंबाशेजारचा आकडा म्हणजे त्या जागेची मोजलेली उंची आणि त्रिकोणाशेजारचा म्हणजे सर्वेक्षणाच्या त्रिकोणमिती केंद्राची. माथ्यावर त्रिकोण किंवा टिंब असेल तर मोजायचं कारणच नाही, आकडा वाचा आणि घरी जा. त्रिकोण असतानाही अर्धा तास रेषा मोजणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यात मी स्वतःही होतो, पहिल्या वर्षी.

दुप्पट उत्तराचं कारण साधं आहे. पायथ्यापासून पट्टी ठेवली ती माथ्यावर थांबवायची सोडून पलीकडच्या पायथ्यापर्यंत नेली. प्रत्येक कड्याला पट्टी दोनदा छेदते, एकदा चढताना, एकदा उतरताना. माथ्यावर पेन्सिलनं फुली मारा आणि पट्टी तिथेच थांबवा.

पाचवी तपासणी: पायथा आणि माथा नक्की कुठे?

इथून पुढे जरा बसून करायचं काम आहे. गेल्या महिन्यात झालेलं एक प्रकरण पूर्ण सांगतो.

सरावासाठी मी एक तुकडा हातानं काढून ठेवलाय, १:५०,००० चं स्केल, २० मीटर अंतर. त्यात एक ठळक रेष आहे, ७०० छापलेली. तिच्या वर दुसरी ठळक, आकडा न छापलेली. तिच्या वर दोन बारीक कडी, माथ्यावर टिंब नाही, त्रिकोण नाही. ७०० च्या खाली तीन बारीक रेषा आणि त्या संपल्या की वाडी. वाट आणि खाण मी मुद्दाम घातल्यात, आणि वर त्याची झेरॉक्स काढतो म्हणजे रंग जातो.

एका मुलीनं वाडीपासून माथ्यापर्यंत पट्टी ठेवून तेरा रेषा मोजल्या. तेरा गुणिले वीस, चढ २६० मीटर. ग्रुपमधल्या दोघांचं उत्तर २२० होतं. ती म्हणाली, "दादा, मी दोनदा मोजलंय." खरंच दोनदा मोजलं होतं आणि दोन्ही वेळा तेराच आल्या होत्या. ज्या डोळ्यांनी चूक केली त्याच डोळ्यांनी परत मोजून चूक सापडत नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, "दोन ठळक रेषांमध्ये किती आहेत?" तिनं मोजल्या. पाच. चार हव्या होत्या. पेन्सिल ठेवून पाचही रेषांवर फिरली, तर एक पश्चिमेला जाऊन दोन कंटूर ओलांडून वाडीत उतरली. बैलगाडीची वाट. एक रेष गेली. मग माथ्याजवळ भिंग धरलं. वरून दुसऱ्या कड्याच्या आत एक चिमुकलं कडं होतं, त्याला आतून दाते. खाण. दुसरी रेष गेली. उरल्या अकरा.

आता त्या अकरांची नावं घेऊ. खालून ६४०, ६६०, ६८०, मग ठळक ७००, मग ७२०, ७४०, ७६०, ७८०, मग ठळक ८००, मग ८२० आणि ८४०. माथा शेवटच्या कड्याच्या आत आहे, म्हणजे ८४० च्या वर. पण ८६० चं कडं नकाशात नाही, म्हणजे माथा ८६० ला पोचत नाही. वाडी ६४० च्या बाहेर आहे, पण ६२० ची रेष अजून लागलेली नाही, म्हणजे वाडी ६२० आणि ६४० च्या मध्ये.

दोन्ही टोकांना २० मीटरचं धुकं आहे. मधला आकडा घेतला तर माथा ८५०, वाडी ६३०, चढ २२०. कमीत कमी किती? माथा जेमतेम ८४० आणि वाडी जवळपास ६४०, म्हणजे २०० च्या आसपास. जास्तीत जास्त? माथा ८६० ला टेकलेला, वाडी ६२० ला, म्हणजे २४०. म्हणून प्रामाणिक उत्तर असं: पायथ्यापासून सुमारे २२० मीटर, वीस इकडे किंवा तिकडे.

यातून मोजायची सोपी रीत निघते. पायथा आणि माथा दोन्ही रेषांच्या मधोमध कुठेतरी असतील आणि वाटेत अकरा रेषा ओलांडल्या असतील, तर चढ अकरा गुणिले वीस. धोका दोन्ही बाजूंना एका अंतराचा. त्या दोघांनी असं उत्तर दिलं होतं, पण "२२० मीटर" एवढंच लिहून. वीस इकडे-तिकडे हे लिहिलं नाही तर समोरच्याला वाटतं की तुम्ही फीत लावून मोजलंय. "२१७ मीटर" असं लिहिणाऱ्याला मी चहा पाजत नाही.

मधला आकडा नेहमी योग्य असतो का? नाही, माथ्याचा आकार बघावा लागतो. शेवटचं कडं अगदी छोटं, जेमतेम एक मिलिमीटरचं असेल आणि त्याच्या खालच्या कड्यांमध्येही एकेक मिलिमीटरचं अंतर असेल, तर हिशेब करता येतो. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. म्हणजे उतार दर ५० मीटरला २० मीटर चढतोय. कड्याच्या काठापासून मधोमध अंतर अर्धा मिलिमीटर, २५ मीटर. त्याच उतारानं गेलं तर आणखी १० मीटर चढ. ८४० अधिक १०, ८५०. इथे मधला आकडा शोभतो.

पण आपल्याकडे असे टोकदार माथे कमी. सिंहगडासारखा पठारी माथा असेल तर शेवटचं कडं चांगलं रुंद असतं. आत जमीन दोन मीटर चढते की अठरा, नकाशा सांगत नाही. तिथे मी शेवटच्या कड्याची किंमत लिहितो आणि पुढे "किंवा थोडं वर" असं जोडतो.

पायथ्याबद्दल वाद होतो तो वेगळाच. टेकडीचा उतार हळूहळू शेतात मिसळतो, मग पायथा कुठला? एकजण ओढ्यापासून मोजतो, दुसरा वाडीपासून. दोघंही बरोबर असतात. पायथा कुठला धरला ते लिहून टाका, वाद मिटतो.

सहावी तपासणी: उतार पटतो का?

आकडा तयार झाला की त्याला जमिनीवर उभा करून बघा. वाडीपासून माथ्यापर्यंत नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या तुकड्यात १८ मिलिमीटर आले. १८ गुणिले ५० म्हणजे ९०० मीटर. ९०० मीटर चालताना २२० मीटर चढ, म्हणजे साधारण चारास एक. दम लागेल, पण पायवाटेनं जाता येईल असा चढ.

आता समजा कुणी प्रत्येक रेषेला १०० धरून ११०० मीटर काढले. ९०० मीटर पुढे जाताना ११०० मीटर वर! म्हणजे वाडीपासून माथ्यापर्यंत पंचेचाळीस अंशांपेक्षा उभी भिंत. अशी भिंत असती तर तिथून पायवाट गेली नसती आणि नकाशात तर ती दाखवलीय. पाचपट आणि तिप्पट चुका इथे हमखास उघड्या पडतात. वीस-चाळीस मीटरच्या चुका पडत नाहीत, म्हणून तिसरी आणि चौथी तपासणी टाळून थेट इथे येऊ नका.

सातवी तपासणी: प्रत्यक्ष चढून बघा

मोबाइल घेऊन माथ्यावर गेलात आणि नकाशावरचे ८५० तिथे ७८५ दिसले, तर लगेच नकाशा फाडू नका. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची समुद्रसपाटीपासून नसते. पृथ्वीचा एक गणिती गुळगुळीत आकार धरलेला असतो, त्याच्यापासून असते. भारताच्या आसपास खरी समुद्रपातळी त्या गणिती आकाराच्या बरीच खाली आहे आणि पुण्याकडे हा फरक साठ-सत्तर मीटरचा पडतो. काही अ‍ॅप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत.

उपाय असा: चढायच्या आधी पायथ्याला पाच मिनिटं उभं राहून उंची नोंदवा, मग माथ्यावर नोंदवा आणि वजाबाकी करा. साठ-सत्तर मीटरची चूक दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते आणि चढ बऱ्यापैकी नीट मिळतो. मोबाइलची स्वतःची दहा-वीस मीटरची थरथर उरतेच, उभ्या कातळाखाली उभं राहिलात तर आणखी जास्त. म्हणून या तपासणीनं मोठी चूक पकडता येते, नकाशाहून बारीक आकडा मिळत नाही.

इथे थांबा आणि सर्व्हेयरला बोलवा

ट्रेकचं नियोजन, भूगोलाचं प्रात्यक्षिक, पाणी किती घ्यायचं याचा अंदाज, यासाठी वरचं सगळं पुरतं. पण काही कामांना वीस मीटरचं धुकं चालत नाही.

पाण्याची टाकी टेकडीवर बांधून खाली वस्तीला पाणी द्यायचंय, तर पाच मीटरच्या फरकानंही शेवटच्या घराचा नळ कोरडा राहतो. तिथे टोटल स्टेशन किंवा ऑटो लेव्हल घेऊन येणारा सर्व्हेयर हवा. खाण चालू असलेल्या किंवा मोठी खोदाई झालेल्या टेकडीवर नकाशा सर्वेक्षणाच्या वर्षीची जमीन दाखवतो, आजची नाही. समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष वाचा. त्यानंतर टेकडी पोखरली गेली असेल तर कितीही नीट मोजा, उत्तर भूतकाळातलं येईल.

आणि सगळ्यात जास्त विचारणा येते ती प्लॉटबद्दल. आपल्याकडे पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे टेकडीच्या कुशीत जागा घेऊ पाहणारे टोपोशीट घेऊन येतात. ढोबळ खूण देता येते: पाचास एक म्हणजे १०० मीटर जाताना २० मीटर चढ, आणि १०० मीटर म्हणजे नकाशावर २ मिलिमीटर. कंटूर एकमेकींपासून २ मिलिमीटरपेक्षा जवळ दिसल्या तर उतार त्याहून तीव्र आहे. पण दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट या स्केलवर पेन्सिलच्या टिंबाएवढाही भरत नाही आणि रेषेची स्वतःची जाडीच जमिनीवर काही मीटर व्यापते. गेल्या पावसाळ्यात एक काका असाच तुकडा घेऊन आले, दोन कंटूरच्या बरोबर मध्ये प्लॉटची फुली मारून. म्हणाले, "मध्ये एकही रेष नाही, म्हणजे सपाटच ना?" त्या मोकळ्या पट्टीत एकोणीस मीटरची घसरण लपू शकते. मी त्यांना नकाशा परत दिला आणि इसार द्यायच्या आधी जागेची मोजणी करून घ्या म्हटलं.